मदत हवी आहे: गोष्टीतल्या आज्जीचा कापूस उडत नाही (पाट आणि पाठ)

तांबडी_माती (बेळगाव)

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत दर रविवारी दहा-बारा पोरं जमतात आणि मी त्यांना गोष्टी वाचून दाखवते. घरी मराठी, शाळेत कुणाची कन्नड तर कुणाची इंग्रजी, आणि खेळताना तिन्हींची भेळ. त्यातल्या बऱ्याच जणांच्या बोलण्यात ट आणि ठ, ब आणि भ एकच झालेत. रागावून काही होत नाही, म्हणून एक छोटी गोष्ट लिहिली. ती अशी:

*ओमू जेवायला आला आणि जमिनीवरच फतकल मारून बसला. "असा काय बसूलास रे? पाटावर बस. पाठ ताठ कर. ताट वाढते," आज्जी म्हणाली. ओमू बघतच राहिला. "आज्जी, पाट ताट कर म्हणजे काय?" आज्जीनं देवघरातला वातीचा कापूस आणला, थोडा पिंजला आणि ओठांपुढं धरला. "पाट," ती म्हणाली. कापूस गप्प. "पाठ." कापूस उडाला. "ज्याच्यावर बसायचं त्यात वारं नाही. जी दुखते तिच्यात वारं आहे. आता तू म्हण."*

गोष्ट पोरांना आवडली. मग त्यांनी खरा कापूस मागितला आणि तिथंच गाडं अडलं. माझ्या आईनं म्हणून दाखवलं. "पाट" म्हणताना कापूस किंचित हलला, "पाठ" म्हणतानाही तेवढाच. मी म्हटलं, तेच. एका मुलीनं विचारलं, "म्हणजे आज्जी खोटं बोलली काय?" मला उत्तर देता आलं नाही. पोरांपुढं चुकीची गोष्ट ठेवायची नाही. नेमकं काय चुकलंय? शब्द बदलू की कापूस?

घाटमाथा

कापूस बरोबर आहे, माणसं चुकली. कन्नडमध्ये महाप्राण, म्हणजे ठ, भ असे वारं सोडून म्हणायचे वर्ण, नाहीतच. तुम्ही आणि तुमची आई आयुष्यभर कन्नड ऐकत आलात, त्यामुळं ठ चा ट झालाय. पुण्याच्या कुणाकडून तरी म्हणवून घ्या, कापूस उडेल.

निपाणीची_सून

ताई, माझ्या मुलाचंही हेच. चौथीत आहे. वहीत "बाकरी" आणि "दूद" लिहितो, प्रत्येक चाचणीत मार्क जातात. मी रोज दहा-दहा वेळा लिहून घेते. तुम्ही शुद्धलेखनाचं कुठलं पुस्तक वापरता?

ओठ_टाळू

मी लहान मुलांच्या उच्चारांवर बरीच वर्षं काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आईंचं. त्यांचं काही चुकलेलं नाही, पुण्याच्या माणसाचाही कापूस बहुधा तसाच वागेल. "पाठ" मध्ये ठ शब्दाच्या शेवटी आहे. ठ चा जोर कळतो कधी? जीभ टाळूपासून सुटते, मग क्षणभर नुसता श्वास जातो आणि त्यानंतर पुढचा स्वर सुरू होतो. स्वर उशिरा येतो, त्या फटीत वारं असतं. शब्द ठ वरच संपला तर पुढं स्वरच नाही, मग फट कशाची मोजणार? बोलताना आपण शेवटचा ठ बऱ्याचदा पुरता सोडतही नाही. तुमचा कापूस जो किंचित हलला तो "पा" मुळं. ओठ उघडताना थोडी हवा जातेच, आणि ती दोन्ही शब्दांत सारखीच आहे.

मग "पाठ" मध्ये ठ आहे हे कळायचं कसं? पुढं स्वर जोडा. "पाठीवर" म्हणा, ठ लगेच उघडा पडतो. दूध एकटं म्हटलं तर आपण सगळेच जवळजवळ दूद म्हणतो, पण "दुधात साखर" म्हणताना ध जागेवर असतो. वाघ, वाघाला. जीभ, जिभेला. उलट हात घ्या. हिंदीत तो हाथ आहे, आपण मात्र "हाताला" म्हणतो. तिथं महाप्राण खरोखर गेला, आणि तो सगळ्याच मराठी मुलखातून गेला. भूक आणि शिकणं यांचंही तेच, हिंदीत भूख आणि सीखना. त्यामुळं "हात" म्हणणाऱ्या मुलाला कुणी सुधारत नाही, पण "पाटीवर हात फिरव" म्हणणाऱ्याला सुधारावं लागतं.

घाटमाथा, कन्नडचं तुम्ही म्हणता ते अर्धं खरं. लिपीत ख, घ, ठ, भ सगळे आहेत, आणि अल्पप्राण-महाप्राण हे शब्दही त्यांच्या व्याकरणात आहेत. ती अक्षरं मुख्यतः संस्कृतातून आलेल्या शब्दांत लागतात, अस्सल कन्नड शब्दांत जवळजवळ नाहीत. रोजच्या बोलण्यात मात्र अनेकांचा भ चा ब होतो. आपला भात तिकडं "बिसी बेळे बात" झाला तो असाच. म्हणजे मुलाच्या कानावर फरक पडतो हे खरं, पण कापूस न उडण्याचं कारण ते नव्हे.

निपाणीची_सून, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण इथलीच युक्ती चालेल. दहा वेळा लिहून घेण्यापेक्षा मुलाला विचारा, "दूध घातलं, मग चहा कशाचा? दु...?" तो "दुधाचा चहा" नीट म्हणत असेल तर शब्द त्याला येतोय, फक्त शेवटी ऐकू येत नाही. "दुदाचा" म्हणाला तर आधी बोलण्यावर काम करायचं, वही नंतर.

निपाणीची_सून

आत्ता विचारलं. "दुधाचा" म्हणाला, अगदी स्पष्ट! पण भाकरी मात्र "बाकरी"च. तिथं तर भ पहिलाच आहे.

परडं_गोठा (खानापूर)

मग शब्दाच्या सुरुवातीला महाप्राण असलेला शब्द घ्या की. आमच्या घरात रोज घडतं. नातू विचारतो, "आज्जी, दार काढलीस?" आणि माझी आई म्हणते, "दार कशाला काढू बाळा, म्हशीची धार काढली." दार आणि धार. गोष्ट आयती तयार आहे, फक्त कापूस जोडा.

ओठ_टाळू

गोष्ट सुंदर आहे, पण तिथं कापूस दगा देईल. निपाणीच्या भाकरीचंही तेच कारण. ख, ठ, थ म्हणताना गळा गप्प असतो, म्हणून वारं झटक्यानं बाहेर येतं. ध, भ, घ म्हणताना गळा आधीपासून वाजत असतो. वारं असतं, पण आवाजात मिसळलेलं. "धार" मधला "आ" सुरुवातीला जरा जड, उसासा टाकल्यासारखा येतो. कापसाला तो कळेल न कळेल, कानाला कळतो. असे शब्द शिकवताना मी मुलाला आधी दमल्यासारखा "हाऽऽ" म्हणायला लावते, मग त्याच श्वासात जीभ दातांना लावायला सांगते. पहिले दोन दिवस "द-हार" असे दोन तुकडे पडतात. पडू द्यावेत, वेग वाढला की ते सांधतात.

आणखी एक, फ ने कापूस तपासू नका. पळ आणि फळ ही जोडी मोह पाडते, पण हल्ली पुष्कळ मुलं वरचे दात खालच्या ओठाला लावून फ म्हणतात. त्यानंही कापूस हलतो आणि चुकीचा उच्चार पास होतो. दोन्ही ओठ मिटून उघडले का, हे डोळ्यांनी बघावं लागतं.

तुमच्या पाठीकडं परत येऊ. पाटी आणि पाठी अशी जोडी घ्या. कापूस ओठांपासून दोन बोटांवर धरा, पंखा बंद ठेवा. कापूस नसेल तर हाताची मागची बाजू ओली करून तोंडापुढं धरा, वारं गार लागतं. पण त्याआधी एक करा. मुलाला बोलायला लावू नका, नुसतं ओळखायला लावा. तुम्ही म्हणायचं, त्यानं बोट दाखवायचं. ज्याच्या कानाला दोन शब्द वेगळे लागत नाहीत, त्याचा कापूस उडाला तरी तो योगायोग.

तांबडी_माती

ओठ_टाळू, कसे आभार मानू! पाटी वाचलं आणि माझी आज्जीच डोळ्यांपुढं आली, ती भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. गोष्ट बदलली:

*आज्जी बाजारातून आली. पाटी उंबऱ्याशी टेकवली आणि भिंतीला टेकून बसली. "ओमू, पाठीवर जरा हात फिरव रे." ओमू उठला आणि पाटीवरून हात फिरवायला लागला. मेथीची दोन पानं खाली पडली. आज्जी त्याच्याकडं बघत राहिली. "बाळा, दमली कोण? पाटी की मी?" मग तिनं त्याचा हात पाण्यात बुडवला, आपल्या तोंडापुढं धरला. "पाटीवर," ती म्हणाली. "पाठीवर." ओमूनं हात झटकन मागं घेतला. "गार लागलं!" "मग? गार लागलं तिथं हात फिरव."*

काल वाचली. खरी पाटी मधे ठेवली, शेजारी आईला बसवलं आणि बोट दाखवण्याचा खेळ घेतला. बारा पोरांपैकी नऊ जणांनी दहाही वेळा बरोबर दाखवलं. तिघं अडखळले, त्यातल्या दोघांना ओल्या हातानं फरक कळला. कापूसही आला. "पाठीवर"ला स्पष्ट मागं झुकला, "पाटीवर"ला फक्त त्या "पा"पुरता थरथरला. आई खूश झाली, तिला वाटत होतं आपलंच काही बिघडलंय.

पण नवीन अडचण: एक मुलगा घरी जाऊन सगळ्यालाच वारं लावायला लागला. "पाठीत भाजी आहे" म्हणाला, आणि "ठोपी" घातली.

ओठ_टाळू

हे होणारच, चांगलं लक्षण आहे. त्याला वाऱ्याचा पत्ता लागलाय, पण कुठं लावायचं ते अजून कळलेलं नाही. टोकू नका. बोट दाखवण्याचा खेळ चालू ठेवा, पण आता उलटा. तो म्हणेल, बाकीचे दाखवतील. "पाठी" म्हणून पाटी हवी असेल आणि सगळे आईकडं बोट करतील, तर तो आपणच दुरुस्त करतो. किती दिवस लागतील हे मुलागणिक वेगळं.

कडोलीचा_पाहुणा

सगळं वाचलं. एक विचारू? आमच्याकडं कितीतरी आज्ज्या स्वतःच "बाकरी" म्हणतात. माझी आज्जी म्हणायची. तिच्या तोंडून ओमूला ठ कसा मिळणार? आणि तिचं ते बोलणं चूक म्हणायचं काय?

ओठ_टाळू

चूक म्हणायला माझी जीभ धजत नाही. घरची बोली वेगळी आणि वहीतला शब्द वेगळा, एवढं मुलाला सांगता येतं. पण गोष्टीत अशी आज्जी आली तर कापूस कुणाच्या हातात द्यायचा, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

तांबडी_माती

कडोलीचा_पाहुणा, हे डोक्यात आलंच नव्हतं. पुढच्या रविवारी येणाऱ्या दोघांच्या आज्ज्या अशाच बोलतात, आणि त्यांनाही गोष्ट ऐकायला यायचंय. मला वाटतंय, त्या दिवशी ओळखण्याचा खेळ त्यांच्यासोबतच घ्यावा, कापूस पोराच्या हातात. कुणी असं केलंय का?