बहिणीचा फ्लॅट दिराकडे, जमीन भावाकडे?

"थोरली बहीण मृत्युपत्र न करता गेली. दाजी आधीच वारले, मूलबाळ नाही. राजारामपुरीतला फ्लॅट आणि करवीरमधली जमीन कुणाला?"

दादा, हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 15 नुसार दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. फ्लॅट ताईंनी स्वतःच्या पगारातून घेतला असेल, तर तो दाजींच्या वारसांकडे जातो. सासू-सासरे दोघंही हयात नसतील तर दीर-नणंदांकडे. सासरच्यांनी आयुष्यभर विचारलं नसलं तरी! नारायणीदेवींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये हेच म्हटलं. मला हा नियम अन्यायाचाच वाटतो, पण आज कायदा तोच आहे.

जमीन वडिलांकडून वारसाने आली असेल, तर ती वडिलांच्या वारसांकडे परत येते, म्हणजे तुमच्याकडे, आणि आई असेल तर तिच्याकडेही. मात्र वडिलांनी बक्षीसपत्र करून दिली असेल, तर ती 'वारसाने आलेली' धरत नाहीत. तीही फ्लॅटच्याच वाटेने जाते. म्हणून सातबाऱ्यावर ताईंच्या नावाशेजारचा फेरफार क्रमांक बघा आणि तलाठ्याकडून तो फेरफार काढा. त्यात वारस नोंद आहे की बक्षीसपत्र, यावरच सगळं ठरेल.

सोसायटीत तुमचं नाव नॉमिनी असलं, तरी त्याने मालकी मिळत नाही.