सांत्वनाचा मेसेज, ऑफिसातला
‘सहकाऱ्याचे वडील गेले. नुसतं भावपूर्ण श्रद्धांजली पाठवलं तर कोरडं वाटेल का?’

वाटेलच. शिवाय श्रद्धांजली गेलेल्या माणसाला असते, तुम्हाला लिहायचंय मागे राहिलेल्याला. माझी आई गेली तेव्हा ‘काही लागलं तर सांग’ असे चाळीसेक मेसेज आले. कोणालाच काही सांगितलं नाही, सुचतच नव्हतं. लक्षात राहिला तो शेजारच्या टेबलावरच्या ताईंचा: ‘आई गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. ११ तारखेचं जीएसटी रिटर्न मी भरते, साहेबांशी बोलले आहे. तेराव्यापर्यंत ऑफिसातून फोन येणार नाही. उत्तर लिहीत बसू नकोस.’ त्या शेवटच्या वाक्याने खरं हायसं वाटलं.

फक्त साहेबांशी आधी पक्कं बोलून घ्या, नाहीतर चौथ्या दिवशी पासवर्ड विचारायला फोन जातोच.