मदत हवी आहे: ज्युलियन दिवसांक वजा करून दोन तारखांमधले दिवस काढले, तीन वेगळी उत्तरं येताहेत

तन्मय_०७
दोन तारखांमध्ये किती दिवस गेले ते काढायचं आहे. महिने-लीप वर्षं यांचा घोळ नको म्हणून दोन्ही तारखांचे ज्युलियन दिवसांक काढले आणि वजाबाकी केली. एकदा ३०७६५ आलं, एकदा ३०७७६. मैत्रिणीने तेच सूत्र वापरलं तर ३०४००. आकडेमोड चार वेळा तपासली, चूक नाही. प्रदर्शनाचा फलक उद्या सकाळी छपाईला जायचा आहे. बरोबर आकडा कोणता एवढंच सांगा.

रेवा
तारखा कोणत्या?

तन्मय_०७
तारखांनी काय फरक पडतो? दिवसांक म्हणजे सलग मोजणी. कुठल्याही दोन तारखा घ्या, वजाबाकी एकच यायला हवी. सूत्र चुकतंय का, हे मला हवंय.

रेवा
मग सूत्र तरी दाखवा. तारखा नाहीत, सूत्र नाही, नुसती तीन उत्तरं पाहून काय सांगणार?

दत्ता_उत्पादन
आमच्या कारखान्यात रोज ज्युलियन तारीख छापतो, त्यामुळे अनुभवाने सांगतो. वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि पुढे त्या वर्षातला कितवा दिवस. १ फेब्रुवारी असेल तर ०३२. दोन्ही तारखा एकाच वर्षातल्या असतील तरच सरळ वजाबाकी करा. वर्ष बदललं की मधल्या प्रत्येक वर्षाचे ३६५ किंवा ३६६ मिळवावे लागतात. तुमचं तिथेच चुकत असणार.

ध्रुवमत्स्य
दत्ताभाऊ, तुम्ही म्हणता तो वर्षातला क्रमांक. नाव तेच पडलंय, पण वस्तू वेगळी. तन्मय म्हणतात ती मोजणी दर वर्षी एकपासून सुरू होत नाही. इसवी सनापूर्वी ४७१३ च्या १ जानेवारीला, जुन्या ज्युलियन पंचांगाने, दुपारी बाराला शून्य, आणि तिथून आजपर्यंत अखंड. आता पंचवीस लाखांच्या जवळ पोचली आहे.

शून्यप्रहर
"दुपारी बाराला" हेच उत्तर आहे! खगोलातला दिवसांक मध्यान्हीला बदलतो, मध्यरात्रीला नाही. रात्रभराचं निरीक्षण एकाच दिवसांकात राहावं म्हणून ती सोय. तन्मय, तुम्ही एका तारखेला .५ धरला असणार आणि दुसरीला नाही.

रेवा
त्याने अर्धा दिवस चुकेल. इथे फरक ११ दिवसांचा आणि ३७६ दिवसांचा आहे.

शून्यप्रहर
तरी .५ चा मुद्दा सोडू नका. बहुतेक लोक तिथेच फसतात.

तन्मय_०७
बरं, घ्या तारखा. आयझॅक न्यूटन किती दिवस जगला ते फलकावर लिहायचं आहे. जन्म २५ डिसेंबर १६४२. मृत्यू एका पुस्तकात २० मार्च १७२७, दुसऱ्यात ३१ मार्च १७२७, म्हणून माझी दोन उत्तरं. मैत्रिणीने वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या स्मारकावरचं वर्ष घेतलं. तिथे लॅटिनमध्ये २० मार्च १७२६ कोरलंय. सूत्र तारखेवरून आपोआप ठरवतं, १५ ऑक्टोबर १५८२ च्या आधी ज्युलियन, नंतर ग्रेगोरियन. हे सगळीकडे असंच दिलेलं असतं.

कोडकर
एवढं कशाला? दोन ओळींत होतं.

```
from datetime import date
print((date(1727,3,31) - date(1642,12,25)).days)
```

३०७७६. मृत्यूची नवी तारीख ३१ मार्च हीच आहे. तेच छापा.

अनंत_जोड
३०७७६ चूक आहे. जन्म आणि मृत्यू एकाच पद्धतीने घ्यायला हवेत. २५ डिसेंबर आणि २० मार्च या दोन्ही इंग्लंडमधल्या जुन्या तारखा, म्हणून जोडी ती. त्याचं उत्तर ३०७६५. वजाबाकीत पहिला दिवस गळतो, तो परत मिळवायचा. म्हणजे ३०७६६. कुंपणाच्या खांबांसारखं आहे, अंतर मोजलं की खांब एकाने जास्त.

ध्रुवमत्स्य
अनंत, ३०७६६ हा आकडा बरोबर आहे, पण तुम्ही सांगितलेल्या कारणाने नाही. हे नीट सांगतो, कारण इथे एक चूक दुसऱ्या चुकीवर पांघरूण घालते आहे.

१५८२ ची कात्री इटली, स्पेन, पोर्तुगाल, पोलंड यांच्यासाठी. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर तिथे १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. इंग्लंडने ती सुधारणा १७५२ मध्ये घेतली, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर. न्यूटनचं अख्खं आयुष्य इंग्लंडच्या जुन्या पंचांगात गेलं. सूत्राला हे माहीत नाही. त्याने २५ डिसेंबर १६४२ ही तारीख रोमची समजून घेतली.

दोन्ही तारखा ज्युलियन सूत्रात घाला. जन्माचा दिवसांक २३२११५७. २० मार्च १७२७ चा दिवसांक २३५१९२३. फरक ३०७६६, काहीही न मिळवता. आता पडताळा म्हणून दोन्ही नव्या पंचांगात घ्या, ४ जानेवारी १६४३ आणि ३१ मार्च १७२७. ग्रेगोरियन सूत्र हेच दोन दिवसांक देतं.

मग दोन जुन्या तारखा ग्रेगोरियन सूत्रात घातल्यावर एकच दिवस कमी का पडला? कारण मध्ये १७०० साल येतं. जुन्या पंचांगात त्या वर्षी २९ फेब्रुवारी होता, नव्यात नव्हता. जन्माच्या वेळी दोन पंचांगांत १० दिवसांचं अंतर होतं, मृत्यूच्या वेळी ११ चं. दहा दिवसांची चूक अकरा दिवसांच्या चुकीतून वजा झाली आणि एक उरली. तुम्ही मिळवलेला एक म्हणजे इंग्लंडमधला तो २९ फेब्रुवारी. दोन्ही तारखा १७०० च्या एकाच बाजूला असत्या तर चुकीच्या सूत्रानेही फरक बरोबर आला असता, आणि तुमच्या +१ ने तो बिघडला असता.

कोडकर, तुमच्या उत्तरात जन्म जुन्या पंचांगाचा आणि मृत्यू नव्याचा, म्हणून पूर्ण दहा दिवस जास्त. `datetime` सगळ्या तारखा ग्रेगोरियन समजतं, १५८२ च्या आधीच्याही.

कोडकर
हे मला माहीत नव्हतं. मग कोडमध्ये काय बदलायचं?

ध्रुवमत्स्य
सूत्राला अंदाज करू देऊ नका, पंचांग आपण सांगायचं.

```
def jdn(y, m, d, greg):
    a = (14 - m) // 12
    y = y + 4800 - a
    m = m + 12*a - 3
    n = d + (153*m + 2)//5 + 365*y + y//4
    if greg:
        return n - y//100 + y//400 - 32045
    return n - 32083
```

`jdn(1727,3,20,False) - jdn(1642,12,25,False)` चालवून बघा.

रेवा
आणि मैत्रिणीचे ३०४००?

ध्रुवमत्स्य
स्मारक खोटं नाही. तेव्हा इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. २० मार्चला १७२६ संपायला पाच दिवस बाकी होते. आपण जानेवारीपासून वर्ष धरतो, म्हणून ते १७२७. त्या काळचे लोक अशा तारखा १७२६/७ अशाही लिहीत. जानेवारी ते २४ मार्च यातली इंग्लंडची जुनी तारीख दिसली की आधी वर्ष तपासायचं.

अनंत_जोड
पटलं. पण तुमचं बरोबर आणि माझं चूक हे त्रयस्थाने कसं ओळखायचं? दोन्हीकडून ३०७६६ च येतं.

ध्रुवमत्स्य
वारावरून. आठवड्याची साखळी पंचांग बदललं तेव्हा कुठेही तुटली नाही. ४ ऑक्टोबर गुरुवार, पुढचा शुक्रवारच. दिवसांकाला ७ ने भागा. बाकी ० म्हणजे सोमवार, १ मंगळवार, असं ६ म्हणजे रविवार. २३२११५७ ला बाकी ६, रविवार. २३५१९२३ ला बाकी ०, सोमवार. तुमच्या पद्धतीने जन्माला २३२११४७ येतो, बाकी ३, गुरुवार. इंग्लंडमध्ये १६४२ चा नाताळ रविवारी होता आणि न्यूटन सोमवारी गेला. जुन्या कागदात तारखेसोबत वार लिहिलेला असेल तर तो सोन्यासारखा जपा. पंचांग कोणतं ते बहुतेक वेळा तोच सांगतो.

मीनाक्षी_ति
गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला असं आम्हाला शिकवलं होतं. तेही मग असंच का?

रेवा
आत्ताच करून पाहिलं. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२, ही इटलीतली, म्हणजे ग्रेगोरियन. दिवसांक २३२०७९६. न्यूटनचा २३२११५७. फरक ३६१ दिवस. एकाच पंचांगात बघितलं तर ८ जानेवारी १६४२ आणि ४ जानेवारी १६४३. वर्ष एक नाही! जुन्या पंचांगात दोन्ही लिहिल्या तरी २९ डिसेंबर १६४१ आणि २५ डिसेंबर १६४२.

मीनाक्षी_ति
कमाल आहे. इतकी वर्षं मी मुलांना हे सांगत आले.

टपालवाला
माझीही अशीच अडचण आहे, इथेच विचारतो. रशियातून पॅरिसला गेलेलं जुनं कार्ड आहे. रशियन शिक्का ५ मार्च १९०५, पॅरिसचा २१ मार्च. सोळा दिवस लागले असं मी वहीत लिहिलं होतं. हेही चूक?

रेवा
रशियात १९१८ च्या ३१ जानेवारीपर्यंत जुनंच पंचांग होतं, तेव्हा अंतर १३ दिवसांचं. ५ मार्च म्हणजे पॅरिसचा १८ मार्च. तीन दिवस लागले.

टपालवाला
तीन दिवस पटतात, सोळा मलाही जास्तच वाटत होते. पण त्याच संग्रहातल्या दोन कार्डांवर गावाचं नाव पुसलंय आणि वारही नाही. त्यांचं काय?

ध्रुवमत्स्य
तिथे दिवसांकही काही करू शकणार नाही. दोन्ही शक्यता लिहून ठेवा.

विद्याधर
आपल्या ज्योतिषग्रंथांतलं अहर्गण म्हणजे हीच कल्पना. कलियुगारंभापासून, इसवी सनापूर्वी ३१०२ च्या १८ फेब्रुवारीपासून, सलग दिवस. त्या दिवसाचा ज्युलियन दिवसांक ५८८४६६, म्हणून एकातून दुसऱ्यात जायला नुसती बेरीज-वजाबाकी पुरते. तिथेही वाद असतोच, मोजणी मध्यरात्रीपासून की सूर्योदयापासून.

शून्यप्रहर
म्हणूनच मी .५ म्हणत होतो! न्यूटन मध्यरात्रीनंतर तास-दोन तासांत जन्मला असं सांगतात. तेव्हा खगोलाच्या हिशेबाने दुपारपर्यंत २३२११५६ च चालू होता. तुमचा २३२११५७ काटेकोर नाही.

ध्रुवमत्स्य
वेळेसकट मोजायचं असेल तर तुमचं बरोबर. नुसत्या तारखांचं अंतर काढताना दोन्हीकडे त्या त्या दिवसाच्या दुपारचा अंक धरतात, मग अर्धा दिवस दोन्हीकडून कटतो. एकीकडे धरला आणि दुसरीकडे नाही, तरच घोटाळा.

तन्मय_०७
कोड चालवला, ३०७६६ आलं. वारही जुळले. मैत्रिणीला १७२६ चं कळवलं. सुरुवातीलाच तारखा द्यायला हव्या होत्या. फलकावर "३०७६६ दिवस जगला" लिहितोय आणि खाली दोन्ही पंचांगांतल्या तारखा.

अनंत_जोड
एक मिनिट. "इतके दिवस जगला" म्हणताना जन्माचा आणि मृत्यूचा असे दोन्ही दिवस धरायचे तर आता खरोखरच +१ लागतो. ३०७६७.

रेवा
वय तसं मोजत नाहीत. जन्मलेल्या दिवशी बाळ शून्य दिवसांचं असतं.

अनंत_जोड
वय आणि पाहिलेले दिवस यांत फरक आहे. त्याने मृत्यूच्या तारखेचीही पहाट पाहिली असेल तर तो दिवस कुठे गेला?

तन्मय_०७
"जन्मापासून मृत्यूपर्यंत ३०७६६ दिवसांचं अंतर" असं लिहिलं तर चालेल का? फाइल अजून पाठवली नाही.