अनुभव धागा : नवरा-बायकोचा धंदा आणि दोघांचा मिळून एक परिचय

शाईपेन
व्यापारी मंडळाची स्मरणिका, प्रदर्शनाचं पत्रक, पुरस्काराचा अर्ज. नवरा-बायको मिळून धंदा करत असतील तर दोघांचा एकत्र परिचय लिहायची वेळ कधीतरी येतेच. मी अनेक वर्षं हे लिहून देते. बहुतेक घरांतून जो मजकूर येतो त्यात श्रीयुतांवर तीन परिच्छेद असतात आणि शेवटी 'या वाटचालीत त्यांना सुविद्य पत्नीची मोलाची साथ लाभली' हे वाक्य. बाई नक्की काय करतात, ते सगळं वाचूनही कळत नाही. तुमच्याकडे हे कसं लिहिलं गेलं, दोघांची कामं वेगळी कशी दाखवलीत, ते सांगा.

सुरुवात मी करते. सातारा जिल्ह्यात लाकडी घाण्यावर शेंगदाणा तेल काढणारं एक जोडपं आहे. दोघांना समोर बसवून 'कोण काय करतं' विचारलं, तर 'सगळं मिळूनच करतो' हेच उत्तर मिळालं. मग मी दोघांशी वेगवेगळं बोलले, आणि कामाऐवजी निर्णय विचारले. आलेला माल परत पाठवायचा तर शेवटचा शब्द कोणाचा? उधारी कोण थांबवतं? घाण्यावरचा माणूस आला नाही तर तिथे कोण उभं राहतं?

खरेदी आपलीच, असं दादा म्हणाले. बाजारात जातात तेच, भाव करतात तेच. पण पोतं दारात उतरलं की ताई मूठभर दाणे काढतात, दोन बोटांत दाबून साल सुटते का पाहतात, चार दाणे चावतात. दाणा ओलसर किंवा खवट लागला तर माल परत, मग भाव कितीही चांगला मिळालेला असो. हे दादांनीच सांगितलं, पण 'बायकोचं काम काय' या प्रश्नावर नाही, तर 'शेवटचा माल परत का गेला' या प्रश्नावर.

शेवटी छापलं ते असं: 'शेंगांची खरेदी आणि घाणा ते सांभाळतात. माल ठेवायचा की परत पाठवायचा हे त्या ठरवतात. काढलेलं तेल निवळायला ठेवणं, गाळ खाली बसल्यावरच भरणं आणि गिऱ्हाइकांचा हिशेब हेही त्याच पाहतात. उधारीचा निर्णय दोघं मिळून घेतात.' 'दोघं मिळून' हे शब्द एकदाच आले, म्हणून त्यांना वजन आलं.

हिशेबनीस
मला वाटतं, कागदावर जे आहे तेच लिहावं. उद्यम नोंदणी आणि जीएसटी ज्याच्या नावावर, तो मालक. दुसऱ्याचं नाव बरोबरीने घातलं तर बँकेत प्रश्न येतात. आमच्या ओळखीत पत्रकावर दोघांना 'संचालक' छापलं होतं. कर्जाच्या फाइलला तेच पत्रक जोडलं, आणि कंपनीच नाही तर संचालक कुठले, असं विचारून फाइल परत आली.

रानजाई
माझं प्रकरण नेमकं उलटं आहे. आमची रोपवाटिका माझ्या नावावर आहे, कारण तेव्हा महिलांसाठीच्या योजनेत अर्ज केला होता. पण कलमं बांधणं, मातृवृक्ष निवडणं, मजुरांकडून काम करून घेणं हे सगळं यांचं. माझ्याकडे विक्री आणि पावत्या. तालुक्याच्या कार्यक्रमात 'यशस्वी महिला उद्योजिका, स्वतः कलमं करतात' असं वाचून दाखवलं, तेव्हा हे खालच्या रांगेत बसले होते. मला ते अजिबात बरं वाटलं नाही. कागदावरचंच लिहायचं म्हटलं तर आमच्यात खोटं छापलं जातं.

ताळेबंद
हिशेबनीस, 'संचालक' चुकीचं होतं हे बरोबर. पण त्यावरून दुसऱ्याचं नावच गाळायचं असं होत नाही. पद आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मालक', 'भागीदार', 'संचालक' हे शब्द कागदाशी जुळलेच पाहिजेत. भागीदारीचा करार नसेल तर 'भागीदार' लिहू नका. 'खरेदी पाहतात', 'कलमं करतात' हे लिहायला कुठलीच नोंदणी लागत नाही. रानजाईताई, तुमच्याकडे 'मालकी पत्नीची, कलमांचं काम पतीचं' असं सरळ लिहिता येईल. बँकेसाठी मात्र वेगळा, छोटा मजकूर ठेवा.

अजून एक. मालकीच्या धंद्यात नवरा बायकोला पगार देत असेल तर तो पगार सहसा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या ज्ञानापोटीच असेल, तर सूट आहे. परिचय हा काही त्याचा पुरावा नव्हे. तरी तिचं शिक्षण आणि काम एकमेकांशी जुळणारं असेल तर ते नेमकं लिहावं, 'घर सांभाळून मदत करते' असं तर मुळीच नको.

डबेवाली वहिनी
आमचं तर एकच व्हॉट्सअ‍ॅप अकाउंट आहे, दोघं वापरतो. प्रोफाइलला दोघांचा फोटो आहे. कोण उत्तर देतंय ते कळावं म्हणून मी शेवटी 'व' लिहिते, हे 'द' लिहितात. असंच काही विचारताय ना?

शाईपेन
वहिनी, मी छापील परिचयाबद्दल विचारत होते, पण तुमचा मुद्दा कामाचाच आहे. फोन कोणी घेतला तर काय होतं?

डबेवाली वहिनी
मी घेतला तर 'साहेबांना द्या' म्हणतात, आणि दर विचारायचा असतो. दर मीच ठरवते. म्हणून आता कार्डावर दोन नंबर आहेत. माझ्यापुढे 'मेनू आणि दर', यांच्यापुढे 'पोहोच आणि बिल'. तेव्हापासून पुष्कळ फरक पडलाय.

कौलारू
आम्ही दोघं आर्किटेक्ट. आमच्या क्षेत्रातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन. पती-पत्नी, एकाच फर्मचे भागीदार. १९९१ चं प्रित्झ्कर हे वास्तुकलेतलं मानाचं पारितोषिक एकट्या व्हेंचुरींना मिळालं. २०१३ मध्ये स्कॉट ब्राउन यांचंही नाव जोडावं म्हणून मोठी सह्यांची मोहीम झाली, स्वतः व्हेंचुरींनीही सही केली, पण नाव जोडलं गेलं नाही. एकदा नोंद झाली की ती बदलणं इतकं अवघड असतं. म्हणून आम्ही फर्मच्या परिचयात मोघम काही लिहीत नाही. प्रत्येक कामापुढे आराखडा कोणाचा आणि साइट कोणी पाहिली, हे लिहितो. अडचण एकच: काही घरांत कल्पना कोणाची ते आम्हालाही सांगता येत नाही. तिथे दोघांची नावं, आणि पुढे काही नाही.

शाईपेन
तारखांबद्दलही लिहा, तिथेही फार गाळलं जातं. एका मसालेवाल्या जोडप्यात ताईंनी २०१४ ला घरातून सुरुवात केली, दादा नोकरी सोडून २०१८ ला आले आणि तेव्हाच दुकानाची नोंदणी झाली. मजकुरात फक्त 'स्थापना २०१८' होतं. ताईंची चार वर्षं गेली. आता दोन्ही सालं आहेत: सुरुवात त्यांची, दुकान दोघांचं.

मळेकरी
आमची मंडळी म्हणते माझं नाव छापूच नका, चार लोक विचारायला येतात ते नको. द्राक्षाची छाटणी, विरळणी तिच्या नजरेखालीच होते. तिचं काम लिहून नाव गाळायचं, की सगळंच सोडायचं?

ताळेबंद
नाव नको तर नको, पण तिचं काम तुमच्या नावावर जाऊ देऊ नका. 'छाटणी घरातून पाहिली जाते' इतकं तरी.

रानजाई
मला ते पटत नाही. 'घरातून' म्हटलं की कोण, हे पुन्हा झाकलंच गेलं. आधी तिला विचारा की नको आहे ते नाव की फोन नंबर. माझ्या जावेला फक्त नंबर नको होता.

मळेकरी
हे विचारलं नव्हतं. आज विचारतो.