'डायल्यूटिव्ह', 'अक्रेटिव्ह' आणि 'सिनर्जी'साठी मराठी शब्द हवेत

भाषांतरिका: भागधारकांसाठीच्या एका टिपणाचं भाषांतर करते आहे. एक सूचिबद्ध कंपनी आपल्याच धंद्यातली लहान स्पर्धक कंपनी विकत घेते आहे. आशय असा, की व्यवहार पहिल्या वर्षी डायल्यूटिव्ह आहे आणि सिनर्जी धरली तर तिसऱ्या वर्षी अक्रेटिव्ह. मी 'विरलकारी' आणि 'वृद्धिकारी' लिहिलं. तपासणाऱ्यांनी 'विरलकारी'वर काट मारली. म्हणाले, "सगळा पैसा कर्जाचा आहे, नवा शेअर एकही निघत नाही. विरल काय होणार?" मला उत्तर देता आलं नाही.

शब्दवेडा: 'विरल' प्रयोगशाळेतच बरा. अक्रेटिव्हच्या मुळाशी 'वाढत जाणं' आहे. नदीकाठी गाळ साचून जमीन वाढते तेही अक्रीशनच. म्हणून एकाला 'भर घालणारा' आणि दुसऱ्याला 'पातळ करणारा' म्हणा.

भागधारक_जुना: तपासणारे बरोबर आहेत. शेअर तेवढेच राहिले तर माझा हिस्सा तेवढाच राहतो. मग डायल्यूशन कसलं?

ताळेबंद: हिस्सा तेवढाच राहतो, हे खरं. पण टिपणात दर शेअरमागच्या नफ्याबद्दल बोलणं चाललंय. व्यवहारामुळे तो घटला तर डायल्यूटिव्ह, वाढला तर अक्रेटिव्ह. आकडे मांडून बघू. मोठ्या कंपनीचा करोत्तर नफा १००० कोटी, शेअर १०० कोटी, म्हणजे शेअरमागे १०. बाजारात शेअर २०० ला. लहान कंपनीचा नफा ६० कोटी आणि तिच्यासाठी मोजणार १५०० कोटी. हे पैसे ८ टक्क्यांच्या कर्जातून आले तर व्याज १२० कोटी. २५ टक्के कर धरला तर व्याजाचा निव्वळ भार ९० कोटी. आले ६०, गेले ९०. एकूण नफा ९७० कोटी, शेअरमागे ९.७०. आता हेच नवे शेअर देऊन केलं तर साडेसात कोटी शेअर वाढतात. १०६० भागिले १०७.५, म्हणजे ९.८६.

भाषांतरिका: थांबा. शेअर न वाढवता घट जास्त?

ताळेबंद: हो. मोजलेल्या किमतीवर लहान कंपनी ४ टक्के कमावते. कर्ज करानंतर ६ टक्क्यांना पडतं. २०० चा शेअर १० कमावतो, म्हणून नवा शेअर देणं ५ टक्क्यांना पडतं. दोन्ही ४ च्या वर, म्हणून दोन्हीकडे घट. कर्ज जास्त महाग, म्हणून तिथे घट जास्त. 'पातळ' म्हटलं की वाचकाला पाणी ओतलेलं दिसतं, आणि इथे पाणी ओतलेलंच नाही.

निवृत्त_नोकरदार: माझ्या कंपनीच्या तिमाही निकालात 'बेसिक' आणि 'डायल्यूटेड' असे दोन ईपीएस, म्हणजे शेअरमागच्या नफ्याचे दोन आकडे, असायचे. कर्मचाऱ्यांना दिलेल्या ऑप्शनमुळे दुसरा कमी. माझ्याकडेही ऑप्शन होते, म्हणून लक्षात आहे. ताईंना तेच हवंय ना?

ताळेबंद: नाही काका, ते उद्या निघू शकणारे शेअर आजच मोजणं. तिथे 'विरल' चालेल.

शब्दवेडा: एका इंग्रजी शब्दाचे तीन अर्थ आणि आपण एकच प्रतिशब्द शोधतोय! बरं, सिनर्जीला 'सहक्रिया'? ग्रीकमध्ये 'एकत्र काम' असाच अर्थ आहे.

ताळेबंद: टिपणातली बहुतेक सिनर्जी म्हणजे खर्चातली बचत असते. दोन मुख्यालयांचं एक, दोन गोदामांचं एक, कच्च्या मालाची एकत्र खरेदी. 'बचत' लिहिलं तर वाचक लगेच विचारेल, किती, कधीपासून, कर कापून का? आपल्या उदाहरणात ३० कोटींचा खड्डा आहे. तो भरायला करापूर्वी ४० कोटींची बचत हवी. कंपनी ६० म्हणत असेल तर करानंतर ४५ उरतात, शेअरमागे १०.१५. पण पहिल्या वर्षी त्यातली पावच हाती आली तर ९.८१. शिवाय लोकांना कमी करण्याची भरपाई, संगणकप्रणाली जोडण्याचा खर्च हे सुरुवातीलाच येतं आणि पुष्कळदा 'एकदाचा खर्च' म्हणून या हिशेबातून बाहेर ठेवतात. मी ६० चा आकडा लहान कंपनीच्या खर्चाशी ताडून बघतो. तिचा वर्षाचा खर्च ७२० कोटी असेल तर दर १२ रुपयांतला १ वाचवावा लागेल. जमेल, पण कुठला रुपया ते सांगायला हवं.

शब्दवेडा: आणि वाढीव विक्री? ती 'बचती'त कशी बसवणार?

ताळेबंद: बसत नाही, मान्य. पण तिथेही १०० कोटींची विक्री वाढली तर मोजायचा त्यातला नफाच. पूर्ण १०० धरलेले तक्ते मी पाहिलेत.

शब्दवेडा: म्हणजे 'बचत' अपुरा. 'एकत्रीकरणाचा लाभ'?

भागधारक_जुना: 'लाभ' म्हटलं की तो झालाच असं वाटतं. 'अपेक्षित' जोडा.

भाषांतरिका: 'शेअरमागचा नफा घटवणारा' आणि 'वाढवणारा' असं लिहून पाठवलं. तपासणाऱ्यांना अर्थ पटला, पण तक्त्याच्या रकान्यात मावत नाही म्हणून पुन्हा एक शब्द मागताहेत.

शब्दवेडा: 'नफाघटी'?

भागधारक_जुना: हे मराठी आहे?