टक्का सेलमध्ये ठेवायचा की मथळ्यात? सियागंजच्या एका रेट-शीटवरून

सियागंज_पाइप (इंदूर)

आमचं पाइप-फिटिंगचं दुकान आहे, रेट-शीट एक्सेलमध्ये. डिस्काउंटच्या कॉलमात काही ओळींत 12% दिसतं, काहींत 1200%. बाबा म्हणतात, टक्क्याचं चिन्हच काढून टाक, नुसते १२ लिही. मला ते पटत नाही. साइजच्या कॉलमात पाऊण इंचीच्या जागी 03-Apr आलंय आणि एका एल्बोचा कोड 1.50E+03 झालाय. टक्का, अपूर्णांक की साधा आकडा, कुठे काय ठेवावं?

जुनी_वही (रामबाग, इंदूर)

चिन्ह काढू नकोस बेटा. तुझ्या कॉलमात दोन वेगळ्या तऱ्हेने आकडे भरले गेलेत, घोळ तिथे आहे.

कोऱ्या सेलमध्ये `12%` लिहिलं की आत ०.१२ बसतं आणि बाहेर 12% दिसतं. पण कोणीतरी आधी नुसते `12` भरले आणि मागाहून कॉलम निवडून % चं बटण दाबलं, तर आतला १२ तसाच राहतो. बटण आतल्या आकड्याला हात लावत नाही, दाखवताना शंभरपट करतं, म्हणून 1200%. उलट, सेलला आधी टक्क्याचा फॉरमॅट देऊन मग `12` लिहिलं की 12% च होतं. दुकानात दोन-तीन जण शीट भरतात ना? मग एकाने एक क्रम धरला आणि दुसऱ्याने दुसरा.

बिलावर काय होतं ते बघ. ८,४०० चा माल आहे आणि सूत्र असं आहे:

```
=C2*(1-D2)
```

D2 मध्ये ०.१२ असेल तर उत्तर ७,३९२. तिथे १२ असतील तर उणे ९२,४००. उणे आलं म्हणून निदान डोळ्याला खुपतं तरी.

दुरुस्ती अशी कर. एका रिकाम्या सेलमध्ये `100` लिही, तो सेल कॉपी कर. मग फक्त 1200% सारखे दिसणारे सेल निवड, `Paste Special` उघड आणि `Values` व `Divide` दोन्हींवर खूण कर. `Values` विसरलीस तर टक्क्याचा फॉरमॅट उडेल. अख्खा कॉलम मात्र निवडू नकोस, नाहीतर जे बरोबर होते ते 0.12% होऊन बसतील.

काउंटर_काकू (ग्वाल्हेर)

काका, तुमची दुरुस्ती बरोबर आहे, पण सल्ला मला मान्य नाही. मी तिच्या बाबांच्या बाजूने आहे. बावीस वर्षं बिलिंग केलंय.

मथळ्यात "डिस्काउंट टक्के" असं लिहा, सेलमध्ये साधा १२, आणि भागाकार सूत्रात:

```
=C2*(1-D2/100)
```

जो येईल तो १२ लिहील आणि १२ च वाचेल. सेलचा फॉरमॅट आधी काय होता याची चौकशीच करावी लागत नाही.

माझ्या हातून झालेली चूक सांगते. साडेबारा टक्के डिस्काउंट होता. आत ०.१२५ अगदी बरोबर होतं, पण कॉलमला बिनदशांशाचा टक्का लावलेला, त्यामुळे छापील बिलावर 13% उमटलं. ८,४०० वर आमच्या सूत्राने १,०५० कापले. गिऱ्हाइकाने कॅल्क्युलेटरवर १३ टक्क्यांनी १,०९२ काढले आणि बेचाळीस रुपयांसाठी सगळ्यांसमोर मला खोटारडी म्हटलं. त्यांची चूक नव्हती, कागदावर १३ च लिहिलं होतं. त्याहून वाईट म्हणजे तीच शीट आम्ही सीएसव्ही करून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. एक्सेल सीएसव्हीत जे दिसतं तेच उतरवतं, म्हणून तिथे 13% च गेलं आणि साडेबारा कायमचे हरवले.

जुनी_वही

काकू, तुमच्यावर जे गुदरलं ते वाईटच. पण चूक दशांश लपवण्याची होती. टक्का लावताना फॉरमॅट `0.0%` घ्यायचा, सव्वा टक्क्याचे व्यवहार असतील तर `0.00%`. कोऱ्या सेलमध्ये `12.5%` हाताने लिहिलं तर एक्सेल स्वतःहून 12.50% दाखवतं. बटणाने लावलेला टक्का मात्र बिनदशांशाचा येतो, तिथेच तुम्ही अडकलात.

आणि नुसत्या १२ चा तोटा सूत्रात दिसतो. एका जागी कोणी `/100` विसरला की तीच उणे रक्कम.

काउंटर_काकू

सूत्र एकदा लिहायचं असतं, आकडे रोज भरायचे असतात. मी रोजच्या माणसाचा विचार करते. आणि आता तिच्या कॉलमात कुठे 0.5 दिसलं तर ते अर्धा टक्का समजायचं की पन्नास? १ दिसला तर एक टक्का की शंभर? तुम्ही तीस वर्षांचे जाणते, तरी नुसत्या सेलकडे बघून तुम्हालाही सांगता येणार नाही.

जुनी_वही

नाही सांगता येणार, हे कबूल. त्या ओळी जुन्या बिलांशी ताडूनच बघाव्या लागतील. पुढच्यासाठी `Data Validation` मध्ये `Decimal` घेऊन ० ते ०.६ अशी मर्यादा घाल. साठ टक्क्यांवर डिस्काउंट तुमच्या धंद्यात कोणी देत नसेल असं धरतो. मग फॉरमॅट नसलेल्या सेलमध्ये कोणी `12` लिहिलं तर एक्सेल तिथेच अडवेल. अर्धा टक्का लिहायचा तर चिन्हासकट `0.5%` असाच लिहायचा, फॉरमॅटच्या भरवशावर सोडायचा नाही.

सूत_मिस्त्री (इंदूर)

साइजचं मी सांगतो, फॅब्रिकेशनचं काम आहे माझं. `3/4` लिहिलं की एक्सेल ती तारीख समजतो. आपल्याकडे दिवस आधी, महिना नंतर, म्हणून तीन एप्रिल. आधी अपॉस्ट्रॉफी लावून `'3/4` लिहा, म्हणजे ते टेक्स्ट होतं. सगळे अपूर्णांक असेच लिहायचे, विषय संपला.

नळजोड (वडोदरा)

मिस्त्री, पाइपच्या बाबतीत तुमचं बरोबर, पण "सगळे" म्हणू नका. टेक्स्ट केलेल्या `1/2` ला दहाने गुणून बघा. पाच नाही येत. एक्सेल त्या टेक्स्टची परत तारीख करतो आणि चार लाखांच्या वरचा आकडा हातात देतो.

ताई, तुमच्या दुकानात "अर्धा इंची पाइप" हे त्या पाइपचं नाव आहे, ते माप नव्हे. अर्धा इंची लोखंडी पाइपला बाहेरून कॅलिपर लावा, २१.३ मिलिमीटर भरेल. अर्धा इंच म्हणजे १२.७. त्या आकड्याने कोणी गुणाकार करणार नाही, म्हणून टेक्स्टच ठीक. अडचण एकच: टेक्स्टची क्रमवारी लावली की दीड, सव्वा, अर्धा, दोन आणि शेवटी पाऊण असा विचित्र क्रम लागतो. म्हणून शेजारी एनबीचा, म्हणजे पाइपच्या मिलिमीटरमधल्या नावापुरत्या साइजचा, कॉलम ठेवा, पाइपवाल्यांना तो तोंडपाठ असतो: अर्ध्याला १५, पाऊणला २०, एकला २५, सव्वाला ३२, दीडला ४०, दोनला ५०. क्रमवारी त्यावर लावा.

जे 03-Apr झालंय ते फॉरमॅट बदलून परत पाऊण होणार नाही. आत आता तारखेचा क्रमांक आहे. आधी सेलला `Text` करून नव्यानेच लिहावं लागेल.

मिस्त्री, तुमच्या प्लेटच्या जाडीचं मात्र वेगळं. ती खरी मोजायची वस्तू आहे, बेरजेत जाते. तिथे शून्य आणि मोकळी जागा देऊन `0 3/8` लिहा. आत ०.३७५ बसतं आणि बाहेर 3/8 दिसतं.

सूत_मिस्त्री

हे `0 3/8` मी आत्ता करून पाहिलं, चाललं. तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच, बरोबर आलं. पण एका सेलमध्ये 0.3 होतं, तिथे `Fraction` लावलं तर 2/7 आलं. सप्तमांशाची टेप कुणाकडे असते?

नळजोड

तुम्ही पहिलाच पर्याय, एका अंकाचा, घेतलात. त्यात छेद नऊच्या पुढे जात नाही, म्हणून ०.३ ला सगळ्यात जवळचा 2/7 त्याने निवडला. `Ctrl+1` दाबून `Fraction` मध्ये `As eighths (4/8)` घ्या. मग सगळं सुतातच दिसेल, 2/8 सुद्धा 1/4 न होता 2/8 च राहील.

पण आता 2/8 दिसत असलं तरी आत ०.३ च आहे. असे चाळीस तुकडे बेरजेत घेतले तर एक्सेल १२ इंच सांगेल, आणि डोळ्यांनी 2/8 वाचून मोजणारा कारागीर १० म्हणेल. माप खरोखर सुतावरच आणायचं असेल तर आकडाच बदला:

```
=MROUND(B2,1/8)
```

परीक्षानळी (वडोदरा)

मी प्रयोगशाळेत काम करते. मला वाटतं, 1.50E+03 ला तुम्ही सगळे उगाच घाबरताय. आमच्याकडे ०.००००३ सारखी प्रमाणं असतात. ती टक्क्यात ठेवली तर दोन दशांशांवर 0.00% दिसतात, म्हणजे काही नाहीच असं वाटतं. `Scientific` मध्ये तीच 3.00E-05 अशी स्वच्छ दिसतात, आणि लिहायलाही `3e-5` पुरतं. ताईंनी तोच फॉरमॅट राहू द्यावा.

नळजोड

परीक्षानळीताई, तुमच्या कामाला तोच योग्य आहे. पण सियागंजच्या ताईंकडे ती राशी नाही, एल्बोचा कोड आहे. बहुधा `15E2` असा काहीतरी असणार. मधला E बघून एक्सेलने पंधरा गुणिले शंभर केलं, आत १५०० राहिले. आता `Text` केलं तरी १५०० च दिसेल. मूळ कोड `15E2` होता, `150E1` होता की `1.5E3`, हे सेल सांगू शकत नाही. कॅटलॉगमधून बघून पुन्हा लिहावा लागेल, कॉलम आधी `Text` करून.

परीक्षानळी

हो, कोड आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. मग माझं म्हणणं तिथे लागू नाही.

सियागंज_पाइप

कोड `15E2` च होता, कॅटलॉगात सापडला. साइज आणि कोड दोन्ही कॉलम टेक्स्ट केले, शेजारी एनबी टाकला. 1200% वाल्या एकतीस ओळी काकांच्या पद्धतीने भागून घेतल्या आणि फॉरमॅट `0.0%` केला.

चार ओळींत मात्र 50% दिसतंय आणि इतका डिस्काउंट आम्ही त्या मालावर कधीच देत नाही. बाबांना जुनी बिलं काढायला सांगितलीयेत. ते म्हणतात, बघ, नुसता आकडा असता तर `0.5` म्हणजे अर्धा टक्का हे कुणीही वाचलं असतं.

काउंटर_काकू

बाबांना माझा नमस्कार सांग.

जुनी_वही

माझाही सांग. आणि त्या चार ओळी ० ते ०.६ च्या मर्यादेत बसतात, म्हणजे माझी युक्ती त्यांना पकडू शकली नसती. मर्यादा त्या मालाच्या खऱ्या कमाल डिस्काउंटवर आण. वीस टक्के असेल तर ०.२ ठेव.