मदत हवी आहे: इंजेक्शन थांबवल्यावर पांढऱ्या पेशी निम्म्यावर

आईच्या दुसऱ्या केमोनंतर पांढऱ्या पेशी 1,100 वर आल्या. त्या वाढवायला फिलग्रास्टिम 300 मायक्रोग्रॅमची पाच इंजेक्शनं रोज एक अशी पोटावर दिली. कंबर इतकी ठणकायची की तिला कूसही बदलवेना. काउंट 14,000 झाला, इंजेक्शन थांबवलं आणि दोन दिवसांत 6,200!

डॉक्टर म्हणाले, औषधामुळे हाडांच्या मज्जेतल्या, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या मूळ पेशी भराभर विभागतात, तयार झालेल्या लवकर रक्तात सुटतात. म्हणूनच हाडं दुखतात. औषध बंद झालं की हा रेटा ओसरतो. पटलं, पण धाकधूक आहेच.

कोणाचा काउंट असाच उतरून पुढे स्थिरावला का? पुढची केमो आठवड्यावर आहे. तपासणी पुन्हा कधी केलीत? दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरली का? (ताप लपेल म्हणून आधी थर्मामीटर लावतोच.)